पडद्यावर पैसा हलला की चित्रपट थांबवा

*प्रश्न: मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. पैसा, धंदा, अर्थशास्त्र यांवरचे असे चित्रपट सुचवा की बघताना मजाही येईल आणि शिकायलाही मिळेल. नुसती यादी नको, कोणत्या चित्रपटातून नेमकं काय शिकायचं तेही सांगा.*

मी एका सरकारी बँकेच्या गुंतवणूक विभागात बरीच वर्षं काढली आणि गेली काही वर्षं वाणिज्य शाखेच्या मुलांना शिकवतो आहे. वर्गात चित्रपट दाखवताना एकच पद्धत वापरतो. पडद्यावर पैसा एका हातातून दुसऱ्या हातात गेला की चित्रपट थांबवायचा आणि वहीत लिहायचं: कोणाच्या खिशातून गेला, कोणाच्या खिशात आला, आणि बदल्यात काय मिळालं. म्हणजे नेहमीचीच जर्नल एंट्री. ही नोंद जुळली तर तो प्रसंग कळला असं समजा. जुळली नाही तर बहुतेक वेळा शिकण्यासारखं तिथेच असतं. या पद्धतीने चार गोष्टी सांगतो. तिसरी चित्रपट नसून मालिका आहे, पण ती सोडून हे उत्तर पुरं होणार नाही, आणि सर्वांत जास्त जागाही मी तिलाच देणार आहे.

सुरुवात घरापासून करा. परेश मोकाशींचा 2009 चा 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' तुम्ही पाहिलाही असेल. दादासाहेब फाळक्यांची धडपड म्हणून आपण तो हसत हसत बघतो. आता पुन्हा बघाल तेव्हा भांडवल कुठून येतं एवढंच बघा. फाळके विम्याची पॉलिसी तारण ठेवून लंडनला जातात. तारण ठेवणं म्हणजे विकणं नव्हे. पॉलिसी त्यांचीच राहते, पण तिच्यावर सावकाराचा हक्क चढतो, त्यामुळे नोंद 'रोख नावे, कर्ज जमा' अशी होते. मग ते कॅमेरा आणतात. तो स्थिर मालमत्ता. कच्ची फिल्म आणि मंडळींचे पगार हे खेळतं भांडवल. भांडवलदाराला पटवण्यासाठी ते वाटाण्याचं रोप उगवताना रोज थोडं थोडं चित्रित करून दाखवतात. पैसे मागायच्या आधी चालतं ते दाखवायचं, ही रीत तेव्हापासूनची आहे.

या चित्रपटात बहुतेकांच्या नजरेतून सुटतं ते सरस्वतीबाईंचं काम. त्या सगळ्या मंडळींचं खाणंपिणं सांभाळतात, फिल्मच्या कामात मदत करतात, दागिने देतात. यातले दागिने हिशेबात येतात, श्रम येत नाहीत. तीच कामं पगारी माणसांकडून करून घेतली असती तर 'राजा हरिश्चंद्र'चा निर्मितीखर्च किती झाला असता? अर्थशास्त्राच्या पुस्तकात 'अंतर्निहित खर्च' म्हणून जे दोन ओळींत उरकलेलं असतं ते हेच. घरच्या माणसांवर चालणारं कोणतंही दुकान घ्या, त्याचा नफा असाच थोडा फुगलेला असतो.

दुसरा चित्रपट 'मंथन', 1976, दिग्दर्शक श्याम बेनेगल. पटकथा विजय तेंडुलकरांची आणि गावातली बिंदू झाली आहे स्मिता पाटील. त्याची निर्मिती हाच एक धडा आहे. गुजरातच्या दूध सहकारी संस्थांच्या पाच लाख सभासदांनी प्रत्येकी दोन रुपये दिले आणि दहा लाखांत चित्रपट झाला. गोष्ट अशी की एक पशुवैद्य डॉक्टर (गिरीश कर्नाड) गावात सहकारी दूध संस्था काढायला येतो. गावात खासगी डेअरीवाला मिश्रा (अमरीश पुरी) आधीपासून दूध घेतोच आहे. भांडण जातीचं आहे, सरपंचाच्या खुर्चीचं आहे, पण मुळात ते दुधाच्या भावाचं आहे. डॉक्टर गावात आल्यावर घरोघरचं दूध घेऊन त्यातली फॅट तपासतो. तिथे थांबा.

फॅट तपासण्याने एवढं काय बदलतं ते हिशेबाने बघू. आकडे सोयीसाठी मी घेतले आहेत, चित्रपटातले नाहीत. दोन बायका रोज दोन-दोन किलो दूध घालतात. एकीच्या दुधाला सात टक्के फॅट लागते. दुसरी पाणी घालते, तिच्या दुधाला साडेचार लागते. डेअरीवाला तपासत नाही, सरसकट चाळीस रुपये किलो देतो. दोघींना ऐंशी-ऐंशी रुपये मिळतात. आता फॅटवर भाव लावू, एक किलो फॅटला आठशे रुपये. पहिलीच्या दुधात 140 ग्रॅम फॅट आहे, म्हणजे 112 रुपये. दुसरीच्या दुधात 90 ग्रॅम, म्हणजे 72 रुपये. सरसकट भावात चांगलं दूध घालणारी रोज बत्तीस रुपये गमावत होती आणि पाणी घालणारी आठ रुपये जास्त नेत होती.

पहिली बाई हे किती दिवस सोसेल? एक तर तीही पाणी घालायला लागेल, नाही तर चांगलं दूध घरी ठेवून तूप करून विकेल. डेअरीत येणाऱ्या दुधाची सरासरी घसरेल, ती घसरली म्हणून डेअरीवाला भाव पाडेल, भाव पडला म्हणून उरलेलं चांगलं दूधही जाईल. विकणाऱ्याला मालाची खरी प्रत माहीत आहे, घेणाऱ्याला नाही, अशा बाजारात चांगला माल बाहेर ढकलला जातो हे जॉर्ज अकरलॉफ यांनी 1970 मध्ये जुन्या मोटारींच्या उदाहरणावरून मांडलं आणि 2001 मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. 'मंथन' बघताना तो सिद्धांत आपोआप समजतो, कारण त्यातली परीक्षानळी ही माहितीतली दरी बुजवणारी वस्तू आहे.

डेअरीवाल्याला मात्र फॅट किती निघते याचा अंदाज असतो, कारण त्याला पुढे लोणी काढायचं असतं. दूध घालणारीला तो नसतो. म्हणजे इथे दरी दोन्हीकडून आहे, आणि जाणणारा गप्प बसून कमावतो. सहकारी संस्थेने केलं काय, तर तपासणी सर्वांसमोर आणली आणि भाव त्या आकड्याला बांधला. तुमच्या गावच्या दूध संस्थेत सकाळी सहा वाजता जाऊन उभे राहा, आजही तेच चाललेलं दिसेल. आता यंत्र आहे, चिठ्ठी छापून निघते, आणि फॅटबरोबर एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घनपदार्थ, तोही लागतो. पण चिठ्ठीवरच्या आकड्यावर विश्वास नसला की माणसं लगेच दुसऱ्या संस्थेकडे वळतात.

आता मुख्य गोष्ट. 'स्कॅम 1992', शेअर दलाल हर्षद मेहताच्या घोटाळ्यावरची हंसल मेहतांची दहा भागांची मालिका, 2020 मध्ये आली. पत्रकार सुचेता दलाल आणि देबाशिष बसू यांच्या पुस्तकावर ती आधारलेली आहे. तुमच्या वर्गातल्या बहुतेकांनी ती पाहिली असणार आणि संवाद पाठ असणार. मी मुलांना विचारतो, हर्षद मेहताकडे पैसा आला कुठून? उत्तर येतं, 'बँकांकडून'. कसा आला म्हटलं की वर्ग शांत होतो. मालिकेत ते सांगितलं आहे, पण गोष्ट इतक्या वेगाने पुढे जाते की नोंद लिहिल्याशिवाय ते हाती लागत नाही.

त्या काळी बँकांना शंभर रुपयांच्या ठेवींमागे साडेअडतीस रुपये सरकारी रोख्यांत वगैरे ठेवावे लागत. हे एसएलआर. त्याशिवाय काही भाग रिझर्व्ह बँकेत रोख ठेवायचा, तो सीआरआर. त्यामुळे एखाद्या पंधरवड्यात एका बँकेकडे रोख कमी आणि रोखे जास्त, तर दुसरीकडे उलट, असं सतत व्हायचं. मग रोखे असलेली बँक दुसरीला म्हणायची, हे रोखे घे, शंभर कोटी दे, पंधरा दिवसांनी मी 100 कोटी 60 लाखांना परत घेते. याला रेडी फॉरवर्ड म्हणत. कागदावर ही विक्री आणि पुनर्खरेदी आहे. खरं तर हे रोखे तारण ठेवून घेतलेलं पंधरा दिवसांचं कर्ज आहे, आणि साठ लाख हे त्याचं व्याज आहे. वर्षाचा दर काढून बघा: साठ लाख भागिले शंभर कोटी, गुणिले 365, भागिले 15. साधारण 14.6 टक्के येतात. इथपर्यंत काहीही वावगं नाही. आज हाच व्यवहार रेपो या नावाने रोज होतो.

अडचण रोखे ताब्यात देण्यात होती. सरकारी रोखे म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या लोकऋण कार्यालयातल्या खातेवहीतली एक नोंद. ती हाताने व्हायची, वेळ लागायचा, चुकाही व्हायच्या. पंधरा दिवसांच्या व्यवहारासाठी तेवढं थांबणार कोण? म्हणून विकणारी बँक एक पावती द्यायची, बँक रिसीट, बोलण्यात बीआर. तिचा अर्थ एवढाच, की हे रोखे आम्ही तुम्हाला विकलेत, हस्तांतर होईपर्यंत ते तुमच्या वतीने आमच्याकडे आहेत. आता पैसे देणाऱ्या बँकेच्या वहीत नोंद काय झाली? गुंतवणूक खाते नावे शंभर कोटी, बँक खाते जमा शंभर कोटी. पण तिच्या कपाटात रोखे नाहीत, पावती आहे. ही ओळ वहीत ठळक करून ठेवा.

दलालाचं काम गिऱ्हाईक जुळवून देणं. हळूहळू प्रथा अशी पडली की दोन्ही बँका फक्त दलालाशीच बोलायच्या, समोर कोण आहे हे नीट विचारायच्याही नाहीत. पैसे देणारी बँक धनादेश दुसऱ्या बँकेच्या नावाने काढायची. तो जिच्या नावाने आहे त्या बँकेत पोहोचला की दलालाच्या सांगण्यावरून त्याच्या खात्यात जमा व्हायचा. नाव बँकेचं, खातं दलालाचं. मालिका बघताना या जागेवर दोनदा थांबा, कारण सगळा डोलारा या एका सवलतीवर उभा आहे. दलालाला पंधरा दिवसांसाठी शंभर कोटी हातात मिळाले. त्याने ते शेअर बाजारात लावले. शेअर चढले. मुदत भरायच्या आत त्याने दुसऱ्या बँकेबरोबर नवा व्यवहार जुळवला आणि त्यातून पहिलीचे पैसे फेडले.

पुढची पायरी यातूनच निघाली. पावतीवरच काम भागतंय, रोखे कोणी मागतच नाही, तर मग रोख्यांशिवायच पावती दिली तर? बँक ऑफ कराड आणि मेट्रोपॉलिटन को-ऑपरेटिव्ह बँक या दोन छोट्या बँकांनी अशा बिनरोख्यांच्या पावत्या दिल्या. सातारा जिल्ह्यातल्या एका बँकेचं नाव देशातल्या तोवरच्या सर्वांत मोठ्या बँकिंग घोटाळ्यात कसं आलं, हा प्रश्न आमच्याकडच्या मुलांना नेहमी अस्वस्थ करतो. मोठ्या बँकेने छोट्या बँकेची पावती घेताना एवढंच विचारायला हवं होतं: जिच्या एकूण ठेवीच थोड्या, तिच्याकडे विकायला इतके कोटींचे रोखे आले कुठून? पावतीवरचा आकडा ती देणाऱ्याच्या ताळेबंदाशी ताडून बघायची सवय असती तर व्यवहार तिथेच अडला असता.

मग हे उघडकीला कसं आलं? तर ताळमेळ घातल्याने. अकरावीत बँक ताळमेळ पत्रक शिकताना मुलं जांभया देतात. रोकडवहीप्रमाणे शिल्लक इतकी, पासबुकाप्रमाणे तितकी, फरक का? स्टेट बँकेच्या वहीत जितके रोखे दिसत होते तितके लोकऋण कार्यालयाच्या नोंदीत नव्हते. म्हणजे तेच पत्रक, फक्त पैशांऐवजी रोख्यांचं, आणि फरक शेकडो कोटींचा. 23 एप्रिल 1992 ला सुचेता दलाल यांची बातमी छापून आली. पुढे रिझर्व्ह बँकेच्या जानकीरामन समितीने चार हजार कोटींहून जास्त रकमेचा घोळ काढला. मालिकेत फायली चाळणाऱ्या, आकडे जुळत नाहीत म्हणून बेचैन झालेल्या कारकुनांचे प्रसंग थोडेच आहेत. तुम्ही तेच प्रसंग नीट बघा. आमच्या विभागात नव्याने आलेल्या प्रत्येकाला पहिले सहा महिने ताळमेळच करायला बसवत आणि मी त्याबद्दल फार कुरकुर केली होती. हे प्रकरण वाचलं तेव्हा कळलं की ते काम आम्हाला का देत होते.

मालिकेतली आणखी एक गोष्ट वहीत सोडवायलाच हवी, कारण ती ऐकायला इतकी पटते की तुम्ही तीच खरी मानाल. हर्षद मेहता एसीसीचा शेअर स्वस्त आहे हे पटवताना म्हणतो की आज असाच सिमेंटचा कारखाना नव्याने उभारायला किती खर्च येईल ते बघा. बाजारभाव त्याच्या कितीतरी खाली आहे, म्हणजे शेअर चढायलाच हवा. आता एक काल्पनिक कारखाना घ्या. नवा उभारायला हजार कोटी लागतात आणि वर्षाला नफा चाळीस कोटी होतो. परतावा चार टक्के. त्या काळी बँकेची मुदत ठेवही याच्या दुपटीहून जास्त देत होती. मग हजार कोटी घालून असा कारखाना कोण उभारेल? कोणी उभारणार नसेल तर उभारणीचा खर्च ही त्याची किंमत कशी? किंमत ठरते ती त्यातून पुढे किती पैसा येणार यावर. एसीसीचा भाव दोनशेच्या आसपासून नऊ हजारांच्या घरात गेला तेव्हा कंपनीचा नफा काही पंचेचाळीस पट झाला नव्हता. पटीत वाढला होता तो मागून येणारा पैसा, आणि तो कोणाचा होता ते आपण वर पाहिलं.

ही मालिका कुठे फसवते तेही सांगतो. नायक देखणा आहे, तळातून वर आला आहे, संगीत त्याच्या बाजूचं आहे. ज्यांचा पैसा गेला ते पडद्यावर जवळजवळ दिसत नाहीत. छोट्या बँकेतले ठेवीदार, एप्रिल 1992 मध्ये चढ्या भावाने शेअर घेणारा शिक्षक, यांची कथा दहा भागांत बसलेली नाही. दुसरं, तो एकटाच होता असं समजू नका. इतर दलाल होते, आणि परदेशी बँकाही या खेळात होत्या. मालिका हे सांगते, पण चेहरा एकाचाच लक्षात राहतो. बघून झाल्यावर पुढची एक ओळ तुम्ही स्वतः लिहा: 1995 पासून सरकारी रोख्यांच्या व्यवहारात रोखे आणि पैसे एकमेकांवर अवलंबून, एकाच वेळी हलू लागले. पैसे आले नाहीत तर रोखे जात नाहीत, रोखे नसतील तर पैसे जात नाहीत. शेअरचे कागद जाऊन डीमॅट आलं, त्यासाठीचा कायदा 1996 चा. सेबीला कायद्याचं बळ मिळालं ते 1992 मध्ये. आज तुमच्या मोबाइलवर शेअर दिसतात त्या सोयीचा एक धागा त्या बिनरोख्यांच्या पावतीपर्यंत जातो.

चौथा चित्रपट अमेरिकन आहे, 1983 चा 'ट्रेडिंग प्लेसेस'. विनोदी आहे, पण घरच्यांबरोबर बसून बघण्यासारखा नाही, आणि रेल्वेतल्या एका प्रसंगात गोऱ्या नटाने काळा रंग फासून केलेली नक्कल आज फार खटकते. तरीही वायदेबाजाराचा इतका स्पष्ट प्रसंग मी दुसरीकडे पाहिलेला नाही. म्हणून शेवटची पंधरा मिनिटं तरी दोनदा बघा.

न्यूयॉर्कच्या बाजारात गोठवलेल्या संत्र्याच्या रसाचे वायदे चालतात. ड्यूक नावाचे दोन श्रीमंत म्हातारे भाऊ पिकाचा सरकारी अहवाल जाहीर व्हायच्या आधीच चोरून मिळवायच्या बेतात असतात. दोन नायक त्यांच्या हाती खोटा अहवाल पडेल अशी व्यवस्था करतात. त्यात लिहिलेलं असतं की थंडीने पीक गेलं. पीक गेलं म्हणजे रस महागणार, म्हणून ड्यूक बंधू सकाळपासून धडाधड खरेदी करतात. त्यांना बघून इतरही करतात. 102 सेंटवर उघडलेला भाव 142 पर्यंत चढतो. आणि त्या क्षणी नायक ओरडून विकायला लागतात. त्यांच्याकडे रसाचा एक थेंबही नाही.

इथे वर्गात हमखास हात वर होतो: नसलेला माल कसा विकला? वायद्यात तुम्ही माल विकत नाही, ठरलेल्या महिन्यात ठरलेल्या भावाने माल देण्याचं वचन विकता. मुदतीआधी तेवढंच वचन उलट बाजूने विकत घेतलंत की दोन्ही कटतात आणि फक्त फरक उरतो. नेहमी आपण आधी घेतो आणि मग विकतो. इथे क्रम उलटा, नफ्याचं सूत्र तेच.

एका करारावर सोडवून बघू. संत्र्याच्या रसाचा एक करार पंधरा हजार पौंड वजनाचा असतो आणि भाव एका पौंडाचा असतो. 142 सेंटला विकला, म्हणजे 21,300 डॉलर. मग खरा अहवाल जाहीर होतो, पिकाला धक्का लागलेला नाही, भाव कोसळतो. नायक खाली उतरत्या भावात परत घेत राहतात, अगदी 29 सेंटपर्यंत. 29 ला घेतलेला करार 4,350 डॉलरचा. फरक 16,950 डॉलर, एका करारावर. सगळे करार तळाच्या भावाने घेतलेले नाहीत, त्यामुळे एकूण नफा काढताना सरासरी भाव धरावा लागेल.

हा पैसा आला कुठून? ज्यांनी 142 ला घेतलं त्यांच्या खिशातून. वायद्यात एकाला जेवढा नफा, तेवढाच कोणाला तरी तोटा. शेअरमध्ये कंपनी वाढली तर सगळ्यांचंच थोडंफार वाढू शकतं, इथे तसं नाही. ड्यूक बंधूंनी पूर्ण रक्कम भरलेली नव्हती, थोडी अनामत, म्हणजे मार्जिन, ठेवून मोठी खरेदी केली होती. भाव पडला तसा बाजाराने फरक मागितला, 39 कोटी 40 लाख डॉलर, आणि तोही लगेच. तो भरता येत नाही तेव्हा त्यांची पेढी तिथल्या तिथे बुडते. नफ्यातला माणूस आणि तोट्यातला माणूस यांच्यामध्ये बाजार उभा असतो. तोट्यातल्याने पैसे भरले नाहीत तर नफ्यातल्याचेही बुडतील, म्हणून मार्जिन मागण्यात एक दिवसाचीही सवलत नसते. कोणाला हळदीच्या वायद्यात उतरायचं असेल त्याने एनसीडीईएक्स या शेतमालाच्या वायदेबाजारात एका कराराला किती मार्जिन लागतं ते बघावं आणि भाव दहा टक्के उलटा गेला तर त्या मार्जिनचं काय होईल हे कागदावर मांडावं. मग उतरायचं की नाही ते ठरवावं.

एक फरक लक्षात ठेवा. बहुतेक वायदेबाजारांत एका दिवसात भाव किती हलू शकेल याला मर्यादा असते, ती गाठली की त्यापलीकडे सौदे होत नाहीत. त्यामुळे आज असा भाव काही मिनिटांत 142 वरून 29 वर येणार नाही. पण त्या मर्यादेचा दुसरा अर्थही बघा. भाव मर्यादेला टेकला की तोट्यातल्या माणसाला बाहेरही पडता येत नाही.

आणि ड्यूक बंधूंची चोरी? सरकारी खात्यातली जाहीर न झालेली माहिती वापरून वायदे करणं अमेरिकेत तेव्हा स्पष्टपणे बंद नव्हतं. 2008 च्या संकटानंतर 2010 मध्ये डॉड-फ्रँक कायदा झाला, त्याच्या 746 व्या कलमाने ते बंद केलं. या चित्रपटातल्या नटावरून त्या कलमाला लोक आजही 'एडी मर्फी नियम' म्हणतात.

आता 'द वुल्फ ऑफ वॉल स्ट्रीट'. तुमच्यातल्या कोणी तरी तो सुचवला असेलच. नोंद लिहायला बसाल तर तीन तासांत जेमतेम पाऊण पान भरेल, बाकी सगळी उधळपट्टी आहे. त्याऐवजी हे चार झाल्यावर 2011 चा 'मार्जिन कॉल' घ्या. एका बँकेची एक रात्र आहे. एका तरुण विश्लेषकाला दिसतं की कंपनीकडच्या रोख्यांचे भाव पंचवीस टक्के जरी खाली आले तरी होणारा तोटा सगळ्या कंपनीच्या किमतीपेक्षा मोठा आहे. सकाळी बाजार उघडताच सगळा माल विकून टाकायचं ठरतं. फोनवर फोन लागतात, माल जातो. तो घेणाऱ्यांच्या वहीत त्या सकाळी काय नोंद झाली असेल, आणि आठवड्याने ती काय करावी लागली असेल, त्या दोन एंट्री लिहा. पहिली सोपी आहे. दुसरीत भाव कोणता धरायचा यावर तुमचा नक्की अर्धा तास जाईल.